रापणीचा व्लॉग: १७ व्या मिनिटाचा कासवाचा प्रसंग उचलून पहिल्या १५ सेकंदांत टाकायचाय, कसं करू?

खाडीकाठचा_बंड्या
मंडळी, एडिटिंगवाल्यांनी जरा लक्ष घाला.

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला रापणीला गेलो होतो. घाटावरच्यांसाठी सांगतो, रापण म्हणजे होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे, अख्खी वाडी लागते आणि दोन-तीन तास सहज जातात. व्हिडिओ कापून कापून २२ मिनिटांवर आणलाय पण सुरुवातीची चार मिनिटं म्हणजे मी घरातून निघतो, चहा पितो, आई डब्यात भाकरी भरून देते, गाडीत मावसभाऊ बडबडतो वगैरे. आणि खरी मजा १७:४० ला आहे, जाळ्याची खोळ किनाऱ्याला लागते आणि आत कासव सापडतं, मग ते सोडवतात.

माझ्या आधीच्या सगळ्या व्लॉगांचा रिटेन्शन ग्राफ बघितला तर सुरुवातीलाच कडेलोट आहे, यूट्यूब स्टुडिओत ३० सेकंदांपाशी किती लोक उरले ते दाखवतात ना, तिथेच निम्म्याच्या खाली. म्हणजे कासवापर्यंत कोण पोचणार? कासवाचा तुकडा पुढे आणायचा एवढं कळतंय, पण किती आणायचा, कुठे तोडायचा, आणि मग १७ व्या मिनिटाला तोच परत दाखवायचा का काय ते कळत नाहीये.

व्ह्यूज_शास्त्री
सोप्पंय भावा. सगळ्यात भारी पाच-सहा क्लिपा घे, जाळं, मासे उडतायत, कासव, लोक टाळ्या वाजवतायत, कासव समुद्रात जातंय, दोन-दोन सेकंदांची एकेक, खाली दणदणीत म्युझिक, आणि शेवटी मोठ्या अक्षरात "पुढे काय झालं बघा". यूट्यूब फक्त पहिले १५ सेकंदच मोजतं, तेवढ्यात बांधून ठेवलंस की अल्गोरिदम ढकलतो पुढे.

आणि "नमस्कार मित्रांनो कसे आहात" आधी उडव, तो लोगो फिरत येतो तोही.

कातरीवाली
शास्त्रीबुवा, नमस्कार आणि लोगो उडवायचं शंभर टक्के बरोबर. पण बाकीचं नाही पटलं. १५ सेकंदच मोजतात असं काही नाही, स्टुडिओत जो सुरुवातीचा आकडा दिसतो तो ३० सेकंदांचा आहे आणि ग्राफ तर शेवटापर्यंत काढतात. पंधरा हा आपल्या सोयीचा अंदाज आहे, एक छोटा प्रसंग कळायला तेवढा वेळ पुरतो आणि त्याहून लांबला तर तो प्रसंगच दाखवून संपतो.

दुसरं म्हणजे कासव समुद्रात जाताना दाखवलं की पुढे बघायला राहिलं काय? माणसाने बघितलं, कासव सापडलं, सोडलं, टाळ्या वाजल्या, छान, पुढचा व्हिडिओ. तू ट्रेलर बनवतोयस आणि ट्रेलर बघून लोकांचं पोट भरतं.

बंड्या, मी गोरेगावला एडिट रूममध्ये बसते, मालिका आणि रिॲलिटी शो दोन्ही कापलेत. तुझं फुटेज बघितल्याशिवाय उगाच सल्ला देत नाही. दोन गोष्टी सांग. टायटल आणि थंबनेल काय ठेवणार आहेस? आणि १७:४० पासून कासव पाण्यात जाईपर्यंत काय काय होतं ते वेळेसकट लिही, कोण काय बोलतं ते शब्द जसेच्या तसे.

पेन्शनर_काका
६० सेकंदांचा शॉर्ट करून टाकायचा की मग. हल्ली तर तीन मिनिटांपर्यंत चालतो म्हणे. कशाला २२ मिनिटं.

खाडीकाठचा_बंड्या
काका शॉर्ट वेगळा करणारच आहे, पण हा मोठा व्हिडिओच नीट व्हायला हवाय, प्रश्न त्याचा आहे.

@कातरीवाली, टायटल ठरलंय, "रापणीत सापडलं कासव". थंबनेलला जाळ्यात अडकलेल्या कासवाचा क्लोजअप, बाजूला माझा तोंड वासलेला फोटो (हसू नका, चालतं ते).

प्रसंग असा आहे:
१७:३८ खोळ गुडघाभर पाण्यात आलीय, सगळे दोर ओढतायत, माझ्या हातात कॅमेरा
१७:४६ एक जण ओरडतो "वायच थांबा रे, जड लागता"
१७:५२ माझा कॅमेरा हलतो, अर्धा वेळ आकाशच दिसतं
१७:५८ "कासव हा रे, कासव!"
१८:०३ जाळ्यातून पुढचा पाय बाहेर आलेला दिसतो, वल्ह्यासारखा, जवळून
१८:१२ आमचे बाबलआजोबा (नाव बदललंय) कमरेचा कोयता काढतात आणि म्हणतात "जाळा कापूचा लागतला"
१८:१६ ज्याचं जाळं आहे तो काहीच बोलत नाही, नुसता बघतो. चारेक सेकंद कुणीच बोलत नाही
१८:२० मालक म्हणतो "काप"
१८:२१ पासून कापाकापी, दोघं धरतात, सोडवतात
१८:४८ कासव पाण्यात जातं, ओरडाआरडा, टाळ्या

कातरीवाली
बंड्या!! अरे तुला सोन्याची खाण सापडलीय आणि तू कासव कासव करत बसलायस.

बघ, टायटलमध्ये कासव आहे, थंबनेलमध्ये कासव आहे. म्हणजे ज्याने क्लिक केलं त्याला कासव सापडणार हे आधीच माहीत आहे. आता पहिल्या पंधरा सेकंदांत तू "जड लागता... काय आहे काय आहे... कासव हा रे!" असं दाखवलंस तर तू त्याला तेच सांगतोयस जे बघून तो आत आला. तो म्हणणार हो रे बाबा, माहितीये. सुरुवातीने दोन कामं करायची असतात, एक म्हणजे दारावर जे लिहिलं होतं ते आत खरंच आहे याची खात्री द्यायची आणि दुसरं म्हणजे दारावर नव्हता असा एक प्रश्न डोक्यात सोडायचा. खात्रीला कासवाचे दोन सेकंद पुरतात.

प्रश्न तुझा १८:१२ ला आहे. जाळं कापायचं का नाही. जाळं कुणाच्या तरी पोटाचं साधन आहे, म्हातारा कोयता काढून उभा आहे, मालक गप्प आहे. आणि तुझ्याकडे ती चार सेकंदांची शांतता आहे, जी विकत घ्यायला जाशील तर मिळायची नाही. "काप" म्हणण्याच्या आधी तोडायचं. "काप" ऐकू आलं की प्रश्न संपला.

मी असं लावलं असतं:

पहिली चौकट १८:०३ चा पाय, जवळून, आवाज सुरुवातीपासून पूर्ण. दोन सेकंद. त्यावरच मागून "कासव हा रे, कासव!" हा आवाज टाक, चित्र ते नको (ते हलतंय आणि आकाश दिसतंय), फक्त आवाज. मग एक सेकंद-दीड सेकंद भोवतीच्या लोकांचे चेहरे, कुठूनही घे, ओढताना थांबलेले असतील असे. मग १८:१२ आजोबा कोयता काढतात, पूर्ण वाक्य ऐकू दे, तिथे चार सेकंद गेले. मग मालकाचा चेहरा, तीन-चार सेकंद, काही नको, फक्त समुद्राचा आवाज. आणि कट. एकूण अकरा-बारा सेकंद होतील, पंधरा भरायलाच पाहिजेत असा नियम नाही.

आणि प्लीज खाली म्युझिक टाकू नकोस. शांततेवर म्युझिक टाकलं की ती शांतता उरत नाही.

सुरंगी_वेंगुर्ला
बंड्या, मालवणी वाक्यांका खाली सबटायटल घाल हां, "जाळा कापूचा लागतला" पुण्याच्या माणसाक पयल्या झटक्यात कळाचा नाय. व्हिडिओतच पक्की लिही, कारण कॅप्शन चालू करून बघणारे थोडेच.

आणि एक, ऑलिव्ह रिडले असेल तर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधलं कासव आहे, सोडलं ते बरंच केलं. पण जाळं कापलं गेलं ना, त्याची भरपाई मिळते मालकाला, कांदळवन कक्षाची योजना आहे, २५ हजारांपर्यंत. फोटो-व्हिडिओचा पुरावा लागतो, तेव्हा मूळ फुटेज अजिबात डिलीट करू नकोस, मालकाला कॉपी दे. आणि त्याचा चेहरा असा सुरुवातीलाच क्लोजअपमध्ये लावणार असशील तर त्याला विचार आधी, अडचणीतल्या माणसाचा चेहरा आहे तो.

खाडीकाठचा_बंड्या
भरपाईचं माहीतच नव्हतं, आजच जाऊन सांगतो. विचारतो पण.

@कातरीवाली डोकं भणभणलं, मस्तच. पण दोन शंका. मालकाचा चेहरा मी पॅन करत करत नेलाय, त्यामुळे पहिला सेकंद अस्पष्ट आहे. आणि वारा प्रचंड आहे, माइकला केसाळ टोपी नव्हती, आजोबांचं वाक्य घोंगावतंय.

फ्रेमफोड्या
वाऱ्याचं: त्या क्लिपवर हाय-पास फिल्टर लाव, ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास ठेवून ऐक. वाऱ्याचा घुमारा बराचसा खालच्याच भागात असतो. पण वाऱ्याने माइकच फाटला असेल (आवाज फुटून कर्र होतो तसा) तर फिल्टरने परत येत नाही. मग सबटायटलवर भागव किंवा कुणा दुसऱ्याच्या फोनमध्ये तोच आवाज असेल तर तो उचल. शंभर टक्के दुसऱ्या कुणीतरी शूट केलं असणार, रापणीवर कासव आलं आणि फक्त एका माणसाने फोन काढला असं होतच नाही.

अस्पष्ट पॅनचं काही नाही, पॅन थांबल्यापासून पुढचं घे.

आता कापण्याचं. तू कशावर करतोस? रिझॉल्व्ह असेल तर तुकडे *कॉपी* कर, कट नको, मूळ जागेवर ते राहिले पाहिजेत. सगळे पुढे आणायच्या तुकड्यांची आधी एक वेगळी छोटी टाइमलाइन करून बघ, तिथे रचून झालं की मुख्य टाइमलाइनच्या अगदी सुरुवातीला प्लेहेड नेऊन `Ctrl+Shift+V`. हे घुसवून पेस्ट होतं, बाकी सगळं उजवीकडे सरकतं. नुसतं `Ctrl+V` केलंस तर सुरुवातीच्या क्लिपवर चढून बसेल, ती खाऊन टाकेल.

आणि इथे एक खड्डा आहे. डावीकडे प्रत्येक ट्रॅकला ऑटो सिलेक्टचं बटण असतं. म्युझिकच्या ट्रॅकचं ते बंद असेल तर व्हिडिओ सरकतो आणि म्युझिक तिथेच राहतं, मग अख्ख्या २२ मिनिटांत गाणं बारा सेकंद आधी वाजतंय. सुरुवात बघून हे कळत नाही, पेस्ट केल्यावर एकदा मधे आणि एकदा शेवटी जाऊन बघ.

नाशिकची_सुगरण
हे माझ्यासाठीच चाललंय असं वाटतंय! माझा छोटासा चॅनल आहे, सासूबाई मूळच्या धुळ्याच्या, त्या खापरावरचे मांडे करतात, तो व्हिडिओ केलाय १४ मिनिटांचा. त्यात सुरुवातीला मी डाळ शिजवणं, पीठ मळणं, तेलपाण्यात भिजवणं सगळं दाखवते. शेवटी तयार मांडा ताटात, घडी घालून, वर तूप, इतका सुंदर दिसतो तो. तोच शॉट पहिल्यांदा टाकला होता, पण काही फरक नाही पडला हो. कासव कुठून आणू मी?

कातरीवाली
सुगरणताई, ताटातला मांडा म्हणजे उत्तर आहे, आणि ते तर थंबनेलवर पण असणार तुमच्या. तुमचं कासव सासूबाईंच्या हातावर आहे. त्या पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करतात ना, पातळ होत होत, आता फाटतो की काय असं वाटतं, आणि मग उपड्या खापरावर टाकतात. तो हातावर लांबत जाणारा भाग सात-आठ सेकंद, आवाजासकट, आणि खापराकडे हात गेला की टेकायच्या आधी तोडा. पुढे लगेच पुरण. सासूबाई त्या वेळी काही बोलत असतील तर ते ठेवा, "फाटला तर फाटला" असं काहीही.

निवांत_पंत
मी जरा उलटं बोलतो. मला असले व्लॉग आवडतात तेच मुळी रेंगाळतात म्हणून. जेवताना लावतो, तो मुलगा चहा पितोय, आई भाकरी बांधतेय, गाडीत बडबड, तेच तर बघायचंय. हल्ली प्रत्येक व्हिडिओ उघडला की पहिले कुणीतरी किंचाळतंय किंवा रडतंय, मग काळा पडदा, मग "तीन तास आधी". सगळे सारखे दिसायला लागलेत. कुणी कोयता घेऊन उभा असलेला दाखवून सुरुवात केली तर मी उलट बंद करीन.

व्ह्यूज_शास्त्री
पंत तुम्ही एकटे. डेटा बघा डेटा.

कातरीवाली
नाही, पंतांचं सोडून देण्यासारखं नाहीये. बंड्याचे जुने प्रेक्षक पंतांसारखेच असतील. स्टुडिओत रिटेन्शन सबस्क्रायबर आणि बाकीचे असं वेगळं करून बघता येतं, बंड्या, ते बघ आधी. सबस्क्रायबरची रेघ सुरुवातीला टिकतेय आणि बाकीच्यांचीच कोसळतेय असं दिसलं तर भाकरी नकोय असा अर्थ नाही, अनोळखी माणसाला तुझ्या आईच्या भाकरीत रस घ्यायला अजून कारण मिळालेलं नाही एवढाच अर्थ.

म्हणून मी भाकरी फेकून दे म्हणत नाही, हलव म्हणतेय. रापण ओढायला दोन-तीन तास जातात म्हणालास ना? तुझ्या व्हिडिओत तो भाग बहुतेक दोर ओढण्याचा टाइमलॅप्स असणार. भाकरीचा डबा तिथे उघडला असशीलच. आईने डबा भरून दिला तो शॉट तिथे लाव, दोर ओढून दमलेले लोक बसलेत, तू डबा उघडतोस, सकाळी आई भरतेय ते वीस सेकंद, परत दोर. आता बघणाऱ्याच्या डोक्यात जाळ्याचा प्रश्न आहे, त्यामुळे तो या रेंगाळण्यात बसतो, कंटाळत नाही. तीच बडबड पहिल्या मिनिटाला असती तर गेला असता.

कोयता कटच्या अगदी शेवटच्या क्षणी दिसायला नको हे मात्र पंतांचं मान्य. शेवटची चौकट मालकाचा चेहरा, हत्यार नाही.

खाडीकाठचा_बंड्या
बघितलं. सबस्क्रायबरची रेघ खरंच वर आहे, बाकीच्यांची दरीत. (पंत, तुम्ही सबस्क्रायबर आहात का हो?)

डब्याचं पटलं, दोर ओढताना भाकरी खाल्लीच होती. मग कट झाल्यावर कुठे उतरू? "सहा तास आधी" लिहून घरी?

कातरीवाली
घरी नको. घरी गेलास की त्या माणसाला वाटतं आता १७ मिनिटं थांबायचंय. रापणीवरच उतर, पहाटेचा किनारा, होडी जाळं घेऊन आत चाललीय. म्हणजे ज्या जाळ्याचं काय होणार हा प्रश्न आहे तेच जाळं अख्खं, कोरडं, होडीत रचलेलं दिसतं. पडद्यावर फक्त "पहाटे सहा" लिही, "सहा तास आधी" नको, ते वाचून हिशेब करावा लागतो. आणि पहिलं वाक्य जाळ्याबद्दल असू दे तुझं किंवा मालकाचं. केवढं आहे, कुणाचं, किती वर्षांचं, किंमत काय. ती किंमत इथे एकदा कानावर पडली की १८ व्या मिनिटाची शांतता दुप्पट जड होते.

चहा-गाडी-मावसभाऊ यातलं जे हसवतं तेवढं ३०-४० सेकंद त्यानंतर ठेव. बाकी जाऊ दे.

मधल्या_आळीतला
माझा प्रश्न असा की १७ व्या मिनिटाला तोच तुकडा परत येतो तेव्हा लोक वैतागत नाहीत? मी तर वैतागतो. एकदा दाखवलंय ना मग परत कशाला. मी माझ्या ट्रेकच्या व्हिडिओत दुसऱ्यांदा तो भाग काढूनच टाकला, "जसं सुरुवातीला बघितलंत" म्हणून पुढे गेलो.

फ्रेमफोड्या
काढून नाही टाकायचं रे, त्या क्षणासाठीच तो माणूस सतरा मिनिटं बसला आणि तू म्हणतोस आधी बघितलंत ते आठवा. पण जसाच्या तसा परत लावणंही बरोबर नाही. दुसऱ्या फोनचं फुटेज मिळालं तर मुख्य जागी ते वापर, त्याच वाक्याला दुसरा कोन, म्हणजे बघणाऱ्याला आतली गोष्ट नव्याने दिसते. सुरुवातीला तुझा फोन, नंतर मावसभावाचा.

कातरीवाली
मी थोडी वेगळी. दुसरा कोन असेल तर उत्तम, नसेल तरी घाबरू नकोस. सुरुवातीला तू तुकडे जोडून लावलंयस, कासवाचा पाय, आवाज दुसरीकडचा, चेहरे. मूळ जागी ते अजिबात न कापता एकसंध चालू दे, १७:३८ पासून, तो हललेला कॅमेरा आणि आकाशासकट. बघणाऱ्याला कळतं की आता खरं चाललंय. आणि शांतता सुरुवातीला तीन सेकंद होती तर इथे पूर्ण ठेव, मग "काप". तो शब्द तो पहिल्यांदाच ऐकतोय.

मधल्या आळीतल्यांना जे खटकतं ते बहुतेक यामुळे की सुरुवातीला आख्खा प्रसंग शेवटापर्यंत दाखवलेला असतो. अर्धाच दाखवला असेल तर दुसऱ्यांदा बघणं म्हणजे राहिलेलं अर्धं बघणं.

मधल्या_आळीतला
तरीही मला नाही आवडत. असो, ज्याची त्याची आवड.

व्ह्यूज_शास्त्री
बरं, समजा लोकांनी सरळ १८ व्या मिनिटावर उडी मारली तर? सुरुवातीला प्रश्न टाकलात, लोक स्क्रब करून उत्तर बघणार आणि पळणार. मी तर तेच करतो.

कातरीवाली
हा खरा मुद्दा आहे, आणि याला पक्कं औषध नाही. ग्राफमध्ये ते दिसतं पण, १८ मिनिटांपाशी उंचवटा आणि त्याच्या आधी लांब खळगा, म्हणजे मधलं गाळून लोक तिथे आले. तसं झालं तर सुरुवात चुकली असं म्हणायचं नाही, मधला भाग ओढत नाहीये असं समजायचं. एक करता येतं, मधे आणखी एखादा छोटा प्रश्न सोडायचा. बंड्या, सात-आठ मिनिटांपाशी काही झालं होतं का? दोर तुटला, कुणी पडलं, जाळं अडकलं?

खाडीकाठचा_बंड्या
हो, नऊच्या सुमाराला एका बाजूचा दोर मागे पडला, दोन्ही टोकं सारखी आली नाहीत तर मासे कडेने निसटतात, त्यावरून दोन गटांत तुंबळ भांडण झालं. मी ते कापून टाकलं होतं, घाण घाण शिव्या आहेत.

कातरीवाली
शिव्यांवर बीप टाक आणि भांडण परत आण, लगेच.

पेन्शनर_काका
मला हेच बघायला आवडेल.

खाडीकाठचा_बंड्या
एक राहिलं. आधीचे जे अपलोड झालेले आहेत, त्यांच्या पुढे असं काही जोडता येतं का? एक देवगडचा आहे, त्यालाही असाच शेवटी चांगला प्रसंग आहे.

फ्रेमफोड्या
नाही. यूट्यूबच्या स्वतःच्या एडिटरमध्ये अपलोड झालेल्या व्हिडिओतून भाग काढता येतो, नवा तुकडा जोडता किंवा मागचा पुढे आणता येत नाही. त्यासाठी परत अपलोड करावं लागेल, म्हणजे लिंक नवी, व्ह्यूज आणि कमेंट शून्यापासून. देवगडच्याची सुरुवातीची बडबड तेवढी ट्रिम करून बघ, लिंक तीच राहते. अर्धं औषध आहे, पण फुकट आहे. ट्रिम केल्यावर प्रोसेसिंगला वेळ लागतो, तोवर जुनाच दिसेल, घाबरून परत परत सेव्ह करू नकोस.

आणि रापणीवाल्यात पुढे बारा सेकंद घुसवल्यावर दोन गोष्टी हमखास विसरतात. डिस्क्रिप्शनमधल्या चॅप्टरच्या वेळा सगळ्या बारा सेकंदांनी पुढे जातात, शिवाय पहिला चॅप्टर `00:00` लाच असावा लागतो, कमीत कमी तीन हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा, नाहीतर चॅप्टर दिसतच नाहीत. म्हणजे तुझी बारा सेकंदांची सुरुवात स्वतंत्र चॅप्टर म्हणून चालेल, आठ सेकंदांची केलीस तर नाही चालणार. आणि एसआरटी फाइल आधीच बनवली असशील तर तीही सरकव, नाहीतर सबटायटल आधी आणि माणूस नंतर बोलणार.

१८ व्या मिनिटाच्या चॅप्टरला "कासव सुटलं" असलं नाव देऊ नकोस म्हणजे झालं. "खोळ किनाऱ्यावर" पुरे.

सुरंगी_वेंगुर्ला
मालकाक इचारलंस काय?

खाडीकाठचा_बंड्या
विचारलं. हसला, म्हणाला घाल, फक्त माझा भाव बरोबर सांग जाळ्याचा, लोकांना वाटतं जाळं फुकट येतं. भरपाईचा अर्ज करतोय तो, माझं आणि मावसभावाचं दोन्ही फुटेज पेन ड्राइव्हवर दिलं. मावसभावाचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला, तो वाऱ्याच्या आडोशाला उभा होता, त्यामुळे "जाळा कापूचा लागतला" त्याच्या फोनमधून घेतलं.

आत्ता लावलंय ते असं: पाय, मागून "कासव हा रे", दोन चेहरे, आजोबा, मालक, कट, पहाटे सहा. बारा सेकंद होतात. घरात पाच जणांना दाखवलं, चौघांनी विचारलं "मग कापलं का?" आणि बायको म्हणाली आवाज मधेच बंद झाला का, काहीतरी बिघडलंय.

कातरीवाली
पहिल्या चौघांचं प्रमाणपत्र घे. वहिनींचं पण ऐक मात्र. शांततेत समुद्राचा आवाज अगदी खाली गेलाय बहुतेक, आजोबांच्या वाक्यासाठी दुसरा फोन वापरलास ना, तिथे तुझ्या फोनचा समुद्र तुटला असेल. लाटांचा आवाज पहिल्या चौकटीपासून कटपर्यंत एकसलग एका ट्रॅकवर चालव, बाकीचे आवाज त्यावर ठेव. मग शांतता बिघाड वाटणार नाही.

निवांत_पंत
भांडण ठेवलंस का?

खाडीकाठचा_बंड्या
ठेवलंय पंत, अकरा बीप आहेत त्यात. लाटांचा ट्रॅक लावतो आणि शनिवारी टाकतो. रिटेन्शन यायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा ग्राफचा स्क्रीनशॉट इथेच डकवतो, सबस्क्रायबरचा आणि बाकीच्यांचा वेगळा.

नाशिकची_सुगरण
मी परत शूट करणार आहे, त्या दिवशीचा हातावरचा भाग मी वरून घेतला होता, सासूबाईंचं फक्त डोकं दिसतंय. समोरून घेऊ का बाजूने?

फ्रेमफोड्या
बाजूने, आणि खापर चौकटीच्या कडेला दिसू दे, म्हणजे मांडा कुठे जाणार ते आधीच कळतं. चुलीचा उजेड मागून येत असेल तर पातळ झालेल्या मांड्यातून आरपार दिसेल.